बुरशी, बरणी आणि कॅप्शनची पहिली ओळ

*मी घरगुती लोणची-मसाल्यांचं इन्स्टाग्राम पेज चालवते. कॅरोसेल बरे जमतात, पण कॅप्शन लिहायला बसले की स्लाईडवरचंच परत टाईप करते. पहिल्या ओळीत तर मथळाच येतो आणि ‘more’ कुणी दाबत नाही. स्लाईडवर सगळं सांगून झाल्यावर कॅप्शनमध्ये लिहायचं तरी काय?*

फीडमध्ये पोस्ट समोर येते तेव्हा डोळा आधी चित्रावर जातो, मोठ्या अक्षरातला मथळा वाचतो आणि मग खाली उतरतो. खाली बदामाचं चिन्ह, मग ठळक अक्षरात तुमच्या पेजचं नाव आणि त्याला चिकटून कॅप्शनची सुरुवात. म्हणजे तुमची पहिली ओळ ज्याच्यापर्यंत पोचते त्याने मथळा अर्ध्या सेकंदापूर्वी वाचलेला असतो. वर ‘लोणच्याला बुरशी का येते? ५ चुका’ आणि खाली ‘लोणच्याला बुरशी येण्याची ५ कारणं जाणून घ्या’ असं असेल, तर खाली नवीन काही नाही हे तुम्हीच त्याला सांगून टाकलं. मग तो ‘more’ कशाला दाबेल?

हे लोणच्याचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका घरगुती लोणचीवाल्या बाईंसाठी मी नेमका हाच कॅरोसेल केला होता, तोच उलगडून दाखवते.

स्लाईड सात होत्या. पहिलीवर मथळा. दुसरी: कैरी पुसली पण सुकवली नाही. तिसरी: मीठ कमी पडलं, किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम हवं. चौथी: तेल फोडींच्या वर आलं नाही. पाचवी: फोडणी पुरती गार व्हायच्या आत बरणीत ओतली, झाकणाला वाफ धरली आणि तेच पाणी आत ठिबकलं. सहावी: ओला चमचा. सातवीवर ‘पुढच्या मोसमासाठी सेव्ह करा’. स्लाईड चांगल्या होत्या, प्रत्येकीवर एकच गोष्ट आणि जेमतेम पंधरा-वीस शब्द. कॅप्शनशी मात्र माझंही तुमच्यासारखंच झालं. पहिला मसुदा लिहिला तो या सातांची यादीच होती, फक्त प्रत्येक ओळीआधी एक-एक हिरवी खूण.

तो मसुदा पुसून मी मथळा आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि गप्प बसले. ती म्हणाली, “ते कळलं, पण आता आलीच आहे तर काय करू? वरची काढून खालचं खाल्लं तर चालतं ना?”

हीच पहिली ओळ होती. मथळा वाचल्यावर माणसाच्या तोंडून जो ‘पण’ किंवा ‘मग’ निघतो, त्याला उत्तर देणारी किंवा तोच उचलून धरणारी ओळ कॅप्शनच्या तोंडाशी हवी. स्लाईड सांगतात की बुरशी का येते. वाचणाऱ्या दहांपैकी निम्म्यांच्या बरणीत ती आधीच आलेली असते आणि त्यांना काय करायचं ते सांगायला सातांपैकी एकही स्लाईड नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक मथळा कुणातरी बाहेरच्या माणसाला वाचून दाखवते. विषय ज्याला रोजचा आहे त्याला दाखवून उपयोग नाही, कारण त्याच्या तोंडून ‘पण’ निघत नाही.

आता यात एक मेख आहे. पहिली ओळ मथळ्याच्या पुढची असावी, पण मथळ्यावर टेकलेली नसावी, कारण मथळा दर वेळी तिच्या वर असेलच असं नाही. कॅरोसेल कुणी न सरकवता पुढे गेलं, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट त्याला पुन्हा दाखवू शकतं आणि त्या वेळी पहिल्या स्लाईडऐवजी दुसरी समोर ठेवतं. मग तुमच्या कॅप्शनच्या वर ‘कैरी पुसली पण सुकवली नाही’ असतं, मथळा नसतोच. दुसरी जागा व्हॉट्सअ‍ॅपची, आणि घरगुती पदार्थांच्या पेजसाठी ही फार मोठी जागा आहे. कुणी पोस्टची लिंक बहिणीला पाठवली, की त्या लिंकच्या चौकोनात तुमच्या नावापाठोपाठ अवतरणात कॅप्शनची सुरुवात येते. तिथे ‘याचं उत्तर आत आहे’ किंवा ‘तिसरी चूक तर सगळेच करतात’ असलं काही असेल, तर बहिणीला कळत नाही की कशाचं उत्तर आणि कसली चूक.

म्हणून मी पहिली ओळ तीन जागी ठेवून वाचते: मथळ्याखाली, दुसऱ्या स्लाईडखाली आणि काहीच नसताना. त्या पोस्टसाठी लिहिलेल्या ओळींचं काय झालं ते बघा.

‘हे माहीत असतं तर माझी पहिली बरणी वाया गेली नसती.’ मथळ्याखाली बरी वाटते. एकटी ठेवली तर बरणी कशाची, हे माहीत काय, काहीच पत्ता लागत नाही. बाद.

‘आजीच्या हातचं लोणचं आठवतंय का?’ एकटी उभी राहते खरी, पण बुरशीशी तिचा संबंध नाही. असल्या ओळीला आठवणींच्या कमेंट येतात आणि पोस्टचा मुद्दा बाजूला पडतो. शिवाय ही ओळ पापडाला, मुरांब्याला, गोधडीला, कशालाही लागते. एखादी ओळ दुसऱ्या पोस्टवर जशीच्या तशी चिकटवता आली, तर ती या पोस्टची नव्हे, अशी माझी सरळ कसोटी आहे.

‘पावसाळ्यात लोणच्याची काळजी कशी घ्यावी याविषयी आज आपण बोलणार आहोत.’ ही शाळेतल्या निबंधाची सुरुवात. जेवढी जागा दिसते तेवढी ‘बोलणार आहोत’ म्हणण्यात गेली, बोलणं ‘more’च्या पलीकडेच राहिलं.

शेवटी राहिली ती अशी: ‘वरची बुरशी चमच्याने काढली, तर खालचं लोणचं खाता येतं का?’ तिन्ही जागी उभी राहते. ‘बुरशी’ आणि ‘लोणचं’ हे दोन शब्द मथळ्यातलेच आहेत आणि त्यात काही वावगं नाही. पुनरुक्ती टाळायची म्हणजे तेच वाक्य, तीच माहिती टाळायची. वस्तूचं नाव टाळायचं नाही. उलट ते कॅप्शनमध्ये यायलाच हवं. इन्स्टाग्रामच्या शोधात कॅप्शनमधले शब्द धरले जातात, तेव्हा ‘लोणचं’ फक्त स्लाईडच्या चित्रात रंगवलेलं आणि कॅप्शनमध्ये नुसतं ‘ते’, ‘हे’, ‘बरणी’ असं असेल तर शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार कशा?

लांबीबद्दल. ‘पहिली १२५ कॅरेक्टर दिसतात’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो इंग्रजी मजकुरावर बेतलेला ढोबळ अंदाज आहे, मराठीला त्याचा फारसा आधार घेऊ नका. वरचीच ओळ मोजा. डोळ्याला २६ अक्षरं दिसतात, पण मोजणाऱ्या यंत्राला मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून ५५ कॅरेक्टर दिसतात, कारण आपली प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलंतसुद्धा वेगळा मोजला जातो. ‘क्षेत्र’ या दोन अक्षरांच्या शब्दाचे सात होतात. त्यात उकार आणि अनुस्वार आडवी जागा खात नाहीत, काना खातो. म्हणजे कॅरेक्टरच्या आकड्यावरून ओळ पडद्यावर कुठे तुटेल ते मराठीत कळतच नाही. शिवाय पेजचं नाव त्याच ओळीत सुरुवातीला बसतं. नाव लांबलचक असेल तर पहिल्या ओळीतली बरीच जागा तिथेच संपते.

तेव्हा मोजत बसण्यापेक्षा बघणं सोपं. मी एक दुसरं, खाजगी खातं ठेवलंय, नाव मुद्दाम तेवढंच लांब. कुठलंही चित्र लावून तिथे कॅप्शन टाकते आणि आईच्या फोनवर उघडते. तिने अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, आणि तुमच्या गिऱ्हाइकांपैकीही कितीतरी जणींनी ठेवलेली असतील. तिथे ओळ ‘खालचं लोणचं खाता…’ अशी तुटली तरी अर्थ लागतो, कारण ‘बुरशी’ आणि ‘काढली’ आधीच येऊन गेलेत. हीच ओळ मी आधी अशी लिहिली होती: ‘खालचं लोणचं चांगलं दिसतंय म्हणून तुम्हीही कधी वरची बुरशी काढून टाकली आहे का?’ अर्थ जवळजवळ तोच, पण ‘बुरशी’ पार शेवटाकडे. मोठ्या अक्षरांत ती दिसायच्या आत ओळ संपते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ही अडचण आपल्याला जास्त येते. वाक्यातला वजनदार शब्द पुढे ओढायचा, किंवा वाक्य इतकं आखूड करायचं की क्रियापदही दिसणाऱ्या भागात मावेल.

पहिल्या ओळीनंतर लगेच एंटर मारून रिकामी ओळ सोडायची की नाही? मी सोडते, पण ओळ पूर्ण असेल तेव्हाच. पाच शब्द लिहून एंटर मारलं तर दिसणाऱ्या जागेतला मोठा तुकडा रिकामाच जातो. इमोजीने सुरुवात मी करत नाही, ही माझी खोड समजा.

आता ‘more’च्या आतलं. तुमचा खरा प्रश्न इथे आहे, कारण आत काय लिहायचं हे ठरलेलं नसतं म्हणूनच आपण स्लाईड परत टाईप करतो. याला माझा उपाय असा की स्लाईड बनवताना जे जे कापते ते वहीत एका बाजूला उतरवून ठेवते. पंधरा-वीस शब्दांत बसवायचं म्हटल्यावर तुम्ही काहीतरी गाळताच: एखादा अपवाद, एखादं ‘असं का’, एखादी वेळ. त्या लोणच्याच्या पोस्टची माझी कात्रणं ही होती. चौथ्या स्लाईडवर ‘तेल फोडींच्या वर हवं’ एवढंच बसलं, पण फोडी तेल पितात, त्यामुळे मे महिन्यात वर असलेलं तेल जुलैपर्यंत खाली जातं, हे बसलं नव्हतं. तिसऱ्या स्लाईडवर मिठाचं प्रमाण आलं, पण घरात ब्लडप्रेशर असेल आणि मीठ कमीच घालायचं असेल तर काय, हे राहिलं. आणि आईचा प्रश्न तर कुठल्याच स्लाईडवर नव्हता.

या तीन गोष्टी म्हणजेच कॅप्शन. पूर्ण असं झालं:

*वरची बुरशी चमच्याने काढली, तर खालचं लोणचं खाता येतं का?*

*नाही. आपल्याला दिसतो तो वरचा थर, तिचे बारीक धागे त्याच्याही खाली गेलेले असतात. जीव तुटतो, पण ती बरणी टाकायचीच.*

*आमच्याकडे असे फोन मे महिन्यात येत नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये येतात. लोणचं घातलं तेव्हा तेल वर असतं. मग फोडी ते पितात, पातळी खाली जाते आणि वरच्या उघड्या फोडींना पावसाळी हवा लागते. म्हणून घातल्यापासून महिन्याभराने बरणी उघडून बघा. फोडी वर डोकावत असतील तर तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वरून घाला.*

*घरात कुणाला मीठ कमी लागतं? मग तिसऱ्या स्लाईडवरचं प्रमाण तुमच्यासाठी नाही. पण कमी मिठाचं लोणचं वर्षभराचं घालू नका. थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.*

*तुमच्या बरणीत तेल आत्ता कुठवर आहे? बघून सांगा.*

स्लाईडवरचं एकही वाक्य यात नाही, पण ‘तिसऱ्या स्लाईडवरचं प्रमाण’ म्हटल्याने वाचणारी परत वर जाते. कॅप्शन स्लाईडला टेकू देतं ते असं. तिथली गोष्ट परत सांगायची गरज नसते, ती कुणाला लागू आणि कुणाला नाही हे सांगितलं की पुरतं. पण असं बोट आतल्या मजकुरातच दाखवायचं, पहिल्या ओळीत नाही.

हे कॅप्शन दीडशे शब्दांच्याही आत आहे. इन्स्टाग्राम २,२०० कॅरेक्टरपर्यंत लिहू देतं. मराठीत काना-मात्रा मोजल्या गेल्याने ते तीनशेच्या आसपास शब्द होतात. कात्रणं दोनच असतील तर दोनच लिहा. एकही नसेल, म्हणजे स्लाईडवर खरोखर सगळं आलेलं असेल, तर दोन ओळींचं कॅप्शन टाकून मोकळं व्हा. जागा आहे म्हणून भरायची ठरवलं की परत यादीच येते. लिंक घालायची असेल तर लक्षात ठेवा, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही. ती पेजच्या माहितीत ठेवा आणि कॅप्शनच्या शेवटी तसं सांगा.

एके ठिकाणी मात्र स्लाईडवरचा मजकूर परत लिहावाच लागतो. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रात रंगवलेली अक्षरं त्याला तशी पोचत नाहीत. त्यासाठी कॅप्शन भरून टाकू नका. पोस्ट टाकताना पुढच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक स्लाईडसाठी वेगळा पर्यायी मजकूर लिहायची सोय आहे. स्लाईडवरचे शब्द तिथे जसेच्या तसे टाका. तुमचं ‘परत टाईप करणं’ तिथे कामी येईल.

आणि एक प्रसंग माझ्या चुकीचा. दुसऱ्या एका पोस्टमध्ये मसाल्याच्या स्लाईडवर ५० ग्रॅम मिरचीऐवजी ५०० छापलं गेलं. टाकून झालेल्या स्लाईडवरची अक्षरं बदलता येत नाहीत. कॅप्शन बदलता येतं. मी दुरुस्ती कॅप्शनच्या शेवटी घातली, आणि साहजिकच ती ‘more’च्या आत गडप झाली. दोन दिवस कमेंटमध्ये लोक विचारत राहिले, “ताई, अर्धा किलो?” मग जमलेली पहिली ओळ काढली आणि तिथे लिहिलं, ‘दुरुस्ती: स्लाईड ४ वर मिरची ५० ग्रॅम वाचा, ५०० नाही.’ प्रश्न थांबले. पहिली ओळ किती जण वाचतात आणि आतलं किती कमी, हे मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा त्या दोन दिवसांत जास्त कळलं. अर्थात चूक खाण्यापिण्याला धोका होण्याइतकी असेल, तर ओळ बदलून भागत नाही, पोस्टच काढायची. ज्यांनी स्क्रीनशॉट घेतला त्यांच्यापर्यंत तुमचं कॅप्शन पोचत नसतं.

आकडेवारीचं म्हणाल, तर किती जणांनी ‘more’ दाबलं हे इन्स्टाग्राम सांगत नाही. सेव्ह आणि शेअर दिसतात, पण ते स्लाईडमुळे की कॅप्शनमुळे हे त्यावरून वेगळं करता येत नाही. म्हणून मी प्रश्न नेहमी कॅप्शनच्या अगदी शेवटी ठेवते आणि तो असा, की त्याचं उत्तर फक्त आतलं वाचलेलाच देऊ शकेल. ‘तुम्हाला लोणचं आवडतं का?’ याला न वाचताही ‘हो’ म्हणता येतं. ‘तेल आत्ता कुठवर आहे?’ याला म्हणता येत नाही. त्या पोस्टवर एकीने लिहिलं, “दोन बोटं खाली गेलंय, आजच घालते.” तिने शेवटपर्यंत वाचलं होतं.

उलट, चौथ्या स्लाईडवर जे लिहिलंय तेच कमेंटमध्ये वारंवार विचारलं जात असेल, तर कॅप्शनला हात लावू नका. तिथे ती स्लाईड वाचली जात नाहीये, अक्षरं बारीक असतील किंवा मागचा फोटो भडक. ते कॅप्शनमध्ये समजावून सांगायला गेलात, की पुन्हा तुम्ही स्लाईडच टाईप करायला बसलेल्या असाल.